व्हॉल्व्ह नेमका कुठे बसवलाय?

मी रशियनमधून इंग्रजीत पेटंटची भाषांतरं करते. रशियन पेटंटच्या शेवटी ‘फॉर्मुला इझब्रेतेनिया’ असतं. शब्दशः ‘शोधाचं सूत्र’, पण प्रत्यक्षात तो असतो दावा, म्हणजे क्लेम. संशोधकाला मिळणाऱ्या संरक्षणाची हद्द तिथे ठरते. नियम असा की एक दावा एकाच वाक्यात मांडायचा, मग ते पानभर लांबलं तरी चालेल.

असं वाक्य हातात आलं की मी आधी ‘अत्लिचायुशीस्या तेम, श्तो’ हे शब्द शोधते. अर्थ, ‘ज्याचं वेगळेपण असं की’. साधारणपणे याच्या अलीकडे आधीपासून माहीत असलेलं यंत्र असतं आणि पलीकडे नवीन भर. हद्द मात्र दोन्ही भाग मिळून ठरते. दाव्यातलं एखादं लक्षण दुसऱ्याच्या यंत्रात नसेल आणि त्याच्या तोडीचंही काही नसेल, तर तो सहसा हद्दीबाहेर राहतो.

समजा दावा असा आहे: पंप, ज्यात झाकण असलेली बॉडी आहे, स्वल्पविराम, व्हॉल्व्ह बसवलेला. कशाला बसवलेला? रशियनमध्ये उत्तर शब्दाच्या शेपटात असतं. ‘स्नाब्झोन्नोय’ असेल तर तो झाकणाबद्दल बोलतो, कारण ‘क्रिश्का’ म्हणजे झाकण स्त्रीलिंगी आहे आणि इथे तृतीयेत आलंय. इंग्रजीत हे शेपूट गळून पडतं, म्हणून मी ‘झाकण’ हा शब्द पुन्हा लिहिते. नाहीतर झाकणावरचा व्हॉल्व्ह वाचणाऱ्याच्या मनात पंपावर कुठेही जाऊन बसतो आणि हद्द आपोआप रुंदावते.

खरी पंचाईत ‘स्नाब्झोन्नी’ असेल तेव्हा. ‘नासोस’ म्हणजे पंप पुल्लिंगी, ‘कोर्पुस’ म्हणजे बॉडीही पुल्लिंगी. शिवाय निर्जीव पुल्लिंगी नामाची द्वितीया प्रथमेसारखीच दिसते. म्हणजे व्हॉल्व्ह पंपाचा की बॉडीचा, हे व्याकरण सांगतच नाही.

गंमत म्हणजे मराठी इथे गप्प बसू देत नाही. बसवलेला पंप, बसवलेली बॉडी, बसवलेलं झाकण. मनात मराठी करून बघितलं की एक लिंग निवडावंच लागतं आणि संदिग्धता कुठे लपलीय ते लगेच कळतं.

मग मी वर्णन आणि आकृत्या उघडते. आकृतीतला व्हॉल्व्हचा क्रमांक वर्णनात कुठल्या भागासोबत येतो ते पाहते. तिथे एकच उत्तर मिळालं तर वाक्य त्याप्रमाणे लावते. नाही मिळालं तर इंग्रजीतही तीच संदिग्धता ठेवते आणि वकिलाला वेगळी टीप पाठवते: इथे दोन अर्थ निघतात, हे दोन्ही बघा.

वाक्य तोडून सोपं करण्याचा मोह होतो. पण दोन वाक्यं केली की दुसरं वाक्य कुणाबद्दल आहे हे मलाच ठरवावं लागतं, आणि दुसऱ्याच्या शोधाची हद्द आखणं हे माझं काम नाही.