दहा दिवस मौन आणि माझी माळ



इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला निघाले, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मजा आहे बाई, दहा दिवस स्वयंपाक नाही!" खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच होतं. सह्याद्रीची हवा, आयतं ताट, मोबाईल नाही.

मोबाईल पहिल्याच संध्याकाळी जमा झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला घंटा वाजली आणि साडेचारपासून बसणं सुरू झालं. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा-दूध आणि फळ. नंतर काही खाणं नाही. रात्री साडेनऊला दिवे बंद. मधल्या वेळात मिळून रोज दहा तासांच्या वर ध्यान! आपल्याला सूर्यास्तापूर्वी आवरायची सवय, त्यामुळे पोटाला काहीच जड गेलं नाही. ज्या बायका रात्री नऊला जेवतात, त्या पहिले दोन दिवस कासावीस होत्या.

मला जड गेलं ते दुसरंच. शिबिराच्या नियमानुसार दहा दिवस जप, माळ, पूजा, उपवास सगळं बाजूला ठेवायचं असतं. अर्जावर सही करताना मी ते वाचलं होतं, पण मनावर घेतलं नव्हतं. सासू गेल्यापासून त्यांची णमोकाराची माळ मी एकही दिवस चुकवलेली नाही. पहिले तीन दिवस फक्त श्वास पाहायचा असतो, नाकाशी. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, माझा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरतोय. दुपारी बारा ते एक आचार्यांशी बोलता येतं, तेव्हा जाऊन कबूल केलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "दोन्ही एकत्र केलं तर कुठलंच नीट कळणार नाही. घरी गेल्यावर माळ आहेच." त्या रात्री मी रडले.

चौथ्या दिवसापासून शरीरावरच्या संवेदना पाहायच्या, आणि सामूहिक बैठकीत तासभर हात-पाय न हलवता बसायचं. माझी सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची, त्यामुळे तेवढं जमेल असा तोरा होता. पण घरी मी पाय बदलते, हे तिथे कळलं! गुडघ्यात ठणका लागला. सहाव्या दिवशी पहिल्यांदा तो ठणका वाढताना आणि आपोआप ओसरताना पाहिला.

दहाव्या दिवशी सकाळी मौन सुटलं आणि आम्ही बायका चिमण्यांसारख्या तुटून पडलो. फी काहीच नसते. शिबिर पूर्ण केल्यावर वाटलं तर दान द्यायचं.

परवा जाऊबाईच विचारत होत्या, "मी जाऊ का?" त्यांचं आयंबिल ओळीचं व्रत चालू आहे आणि त्या नित्यनियम एक दिवसही मोडणार नाहीत. मी म्हटलं, "व्रत पुरं होऊ द्या, मग दहा दिवस माळ ठेवायची मनाची तयारी आहे का बघा. नसेल तर प्रेक्षाध्यानाचं शिबिर बघा, ते आपल्याच आचार्य महाप्रज्ञांचं." दुखरी पाठ असेल तर खुर्ची मिळते, तेवढं आधी सांगायचं.

माळ मी अकराव्या दिवशी, घरी पोचल्यावर हातपाय धुऊन घेतली. दोनदा मोजणी चुकली.