लाल मिरच्या आणि राखाडी पडदा

मागच्या पावसाळ्यात मी एक वापरलेलं किंडल साडेचार हजाराला विकत घेतलं. भामरागडकडे पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की रस्ता बंद होतो आणि लाईटही जाते. मग मोबाईल दुसऱ्याच दिवशी मान टाकतो आणि टॅब तर कपाटातच राहतो. चार्जिंगशिवाय आठवडाभर चालेल असं काहीतरी वर्गासाठी हवं होतं.

चालण्याच्या बाबतीत त्याने निराश केलं नाही. रोज तीनेक तास मुलांच्या हातात असूनही नऊ दिवस चाललं. याचं कारण पडद्यातच आहे. त्यात केसाएवढ्या जाडीच्या बारीक कुप्या असतात आणि कुपीतल्या द्रवात पांढरे नि काळे कण तरंगतात. दोघांचा विद्युतभार उलटा. वीज दिली की पांढरे वर येतात किंवा काळे, आणि एकदा आले की वीज बंद केली तरी तिथेच थांबतात. म्हणजे वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. पडदा स्वतः उजेड फेकत नाही, कागदासारखा बाहेरचा उजेड परत देतो. म्हणून व्हरांड्यात भर उन्हात, जिथे मोबाईलमध्ये आपलंच तोंड दिसतं, तिथे यावरची अक्षरं उलट जास्त ठळक होतात.

पण पहिल्याच दिवशी फजिती झाली. मी स्वतः तयार केलेला ए-फोर आकाराचा स्वाध्याय त्यात टाकला होता. ए-फोर पान २१ सेंटीमीटर रुंद, हा सहा इंची पडदा जेमतेम ९. पान निम्म्याहून लहान झालं, १४ आकाराचं अक्षर ६ एवढं दिसू लागलं, आणि दुसरीतल्या मुलांना काना-मात्रा काही ओळखू येईना. मोठं करून सरकवायला गेलं तर पडदा मागे राहतो, बोट पुढे जातं. शेवटी वर्डमध्ये `Layout > Size > More Paper Sizes` मध्ये जाऊन पानच ९ बाय १२ सेंटीमीटरचं केलं, समास अर्धा सेंटीमीटर ठेवला, अक्षर १८ केलं, पीडीएफ केली आणि केबलने `documents` फोल्डरमध्ये टाकली. एका पानाची चार पानं झाली, पण मुलं वाचायला लागली.

दुसरी अडचण वेगाची. कण द्रवातून प्रत्यक्ष सरकतात, त्याला वेळ लागतो. आपल्याला तो क्षणभराचा वाटतो, पण मोबाईलची सवय असलेलं मूल तेवढ्यात तीन टिचक्या मारतं आणि गोष्ट तीन पानं पुढे जाते! मग आम्ही नियम केला: एक टिचकी, हात मागे. एका मुलाने विचारलं, "मॅडम, मागच्या पानावरचा हत्ती अजून का दिसते?" काही कण पूर्ण हलले नाहीत की जुन्या चित्राची पुसट सावली उरते. सेटिंगमध्ये `Page Refresh` चालू केलं की प्रत्येक पानाला पडदा एकदा काळा होऊन साफ होतो. लुकलुक वाढते, बॅटरीही थोडी जास्त जाते. तरी मी ते चालूच ठेवलं.

खरी अडचण मिरच्यांनी दाखवली. स्वाध्याय होता, 'लाल मिरच्या मोजा'. मुलीने सगळ्या मोजल्या, लाल नि हिरव्या मिळून. मी चूक म्हणून फुली मारणार होते. मग पडदा पाहिला. दोन्ही रंग एकाच राखाडीत उतरले होते. चूक माझी होती.

आता रंगीत ई-इंकही मिळते. पण त्यातल्या बहुतेक पडद्यांत काळ्या-पांढऱ्या थरावर रंगीत गाळणी बसवलेली असते. गाळणी उजेड खाते, म्हणून पान काळपट दिसतं. अक्षरं इंचाला ३०० ठिपक्यांची असली तरी रंग १५० चाच राहतो. रंग वर्तमानपत्रातल्या चित्रासारखे फिके. एका खिडकीच्या आमच्या वर्गात त्याला आतला दिवा लावावाच लागेल, आणि किंमत साध्यापेक्षा बरीच जास्त.

पालक विचारतात, असा मोबाईलच का घेऊ नये? २०१४ च्या अखेरीस योटाफोन भारतात आला होता, पुढे साधा पडदा नि मागे ई-इंक, किंमत वीस हजारांवर. आजचे ई-इंक फोन संदेश आणि वाचनाला ठीक आहेत, पण पाठ्यपुस्तकातला क्यूआर स्कॅन करून व्हिडिओ लावला की चित्र फरफटतं. शाळेच्या फोटोचं तर सोडूनच द्या.

मुख्याध्यापक सर मला म्हणाले, "साडेचार हजारात पन्नास रुपयांची नव्वद गोष्टीची पुस्तकं आली असती." हिशोब बरोबर आहे. नव्वद मुलं एकाच वेळी वाचू शकली असती, आणि मिरच्या लाल दिसल्या असत्या. म्हणून दुसरं किंडल मी घेतलेलं नाही. असलेलं तिसरी-चौथीच्या मुलांकडे दिलं आहे, नुसत्या मजकुराच्या गोष्टींसाठी. माडिया मुलांनी सांगितलेल्या गोष्टी मी त्याच ९ बाय १२ च्या पानावर टाइप करते. त्या छापून कुठे मिळत नाहीत. पहिली-दुसरीला कागदच. मिरच्यांचा स्वाध्याय मी खडूने फळ्यावर काढला.