काळ्या केसांवरचा पट्टा

केसांचं काम बिघडलं की ते आधी कानामागे दिसतं. भांग, कपाळावरच्या बटा, टाळूवर चापून बसवलेला भाग हे सगळं जमून जातं. पण कानामागून केस मानेवर उतरतात तिथे पाच-सहा कार्डं एकामागे एक येतात. कॅमेरा जरासा फिरला की मागचं कार्ड पुढे उडी मारतं आणि काळ्याभोर केसांतून एक उजळ चिरफळी बाहेर आल्यासारखी दिसते. वांद्रे पूर्वेच्या आमच्या स्टुडिओत मोबाईल गेमची पात्रं घडवताना मी वर्षानुवर्षं याच चार बोटं जागेशी झटत आले आहे. गेल्या पावसाळ्यात हाताखाली आलेल्या एका मुलीने तिथे एक साधीच गोष्ट करून पाहिली आणि माझ्या कामाचा क्रम बदलला. म्हणून हे लिहायला बसले.

अर्धपारदर्शक वस्तू मागून पुढे रंगवत यावं लागतं, कारण एकावर एक रंग चढवण्याचं जे गणित पोर्टर आणि डफ यांनी १९८४ साली मांडलं त्यात क्रम उलटला की उत्तर बदलतं. केसांची शेकडो कार्डं एकाच मेशमध्ये असतात आणि ती ज्या क्रमाने साठवली त्याच क्रमाने रंगवली जातात. दर फ्रेमला त्यांची नव्याने मांडणी करणं फोनला जड जातं. आणि केली तरी दोन कार्डं एकमेकांना छेदत असतील तर त्यांना बरोबर असा क्रमच नसतो. अर्ध्या भागात हे पुढे, अर्ध्या भागात ते.

यावरचा सर्वांत शहाणा तोडगा मला अजूनही थॉर्स्टन शॉयरमान यांचाच वाटतो. एटीआय कंपनीच्या रुबी या पात्रासाठी त्यांनी २००४ साली तो मांडला. कार्डं डोक्याच्या कातडीपासून बाहेरच्या दिशेने एकदाच लावून ठेवायची. मग आधी फक्त भरीव भागाची खोली नोंदवायची, त्यानंतर तेवढ्याच भागाला रंग द्यायचा, आणि उरलेल्या झिरझिरीत कडा शेवटी रंगवायच्या, पाठमोऱ्या आधी आणि समोरच्या नंतर. केसांचा बहुतेक भाग भरीव ठरतो, त्यामुळे क्रमाचं भांडण फक्त कडांपुरतं उरतं. डोक्याभोवती आतून बाहेर हा क्रम जवळजवळ नेहमीच मागून पुढे या क्रमाशी जुळतो. कानामागे मात्र तो मोडतो. तिथे एकच बट एका बाजूने पाहिली तर बाहेरची असते आणि दुसऱ्या बाजूने आतली. खांद्यावरून पुढे घेतलेल्या वेणीचंही तेच.

ती मुलगी अशाच एका पात्रावर बसली होती. कमरेपर्यंत मोकळे केस, एक बाजू कानामागे घेतलेली. कार्डं हलवून, तोडून, क्रम बदलून ती थकली होती. संध्याकाळी मला म्हणाली, "ताई, चकाकी बंद केली की दोष दिसतच नाही." मी म्हटलं, बंद करून दाखव. तिने हायलाइट शून्यावर आणला आणि कॅमेरा मानेभोवती गरगर फिरवला. क्रम चुकलेलाच होता, कार्डं मघासारखीच उलटसुलट रंगवली जात होती, पण डोळ्याला काही म्हणजे काही खुपत नव्हतं.

कागदावर आकडे मांडले तेव्हा कारण लख्ख दिसलं. समजा दोन कार्डं आहेत, दोन्हींचा अल्फा निम्मा. मागे गळ्याची कातडी, तिची उजळता ०.६. दोन्ही कार्डं काळी, ०.१. मागचं कार्ड कातडीवर चढवलं की ०.३५ येतं, त्यावर पुढचं चढवलं की ०.२२५. कार्डांची अदलाबदल केली तरी उत्तर ०.२२५च. आता एका कार्डावर चकाकी पडून ते ०.८ झालं असं धरा. उजळ कार्ड पुढे असेल तर उत्तर ०.५७५ येतं, मागे असेल तर ०.४०. काळ्या केसांत एवढी उडी कुणाच्याही नजरेत भरेल. म्हणजे कार्डांचा रंग एकच असेल तर क्रमाने काही बिघडत नाही. कातडी किती झिरपणार हेसुद्धा दोन्ही क्रमांत सारखंच राहतं. अट एवढीच की कडा रंगवताना खोली नोंदवायची नाही. नाहीतर पुढचं कार्ड आधी रंगवलं गेलं की मागचं गाळलं जातं आणि केसांत भोक पडतं.

चकाकी आणि क्रम ही दोन कामं आमच्याकडे दोन वेगळ्या दिवशी व्हायची. आता मी पट्टा आधी ठरवते आणि कार्डं नंतर लावते.

पट्टा म्हणजे केसांवर आडवी पडणारी चमक. गुळगुळीत गोळ्यावर ती ठिपक्यासारखी दिसते, केसांवर पट्ट्यासारखी, कारण प्रत्येक केस एक बारीक दंडगोल आहे. काजिया आणि के यांनी १९८९ साली तिचं जे गणित दिलं त्यात नॉर्मलऐवजी केसाची दिशा, म्हणजे टँजंट वापरतात. स्वस्तातल्या स्वस्त शेडरमध्येही ते तीन ओळींत बसतं:

```
float3 t = normalize(T + shift * N);
float th = dot(t, normalize(L + V));
float s = pow(sqrt(1.0 - th * th), gloss);
```

शॉयरमान यांची भर पहिल्या ओळीत आहे. `shift` बदलला की पट्टा केसाच्या लांबीवर वरखाली सरकतो. टँजंट मुळाकडून टोकाकडे असेल तर धन आकडा पट्ट्याला मुळाकडे नेतो. `shift` मध्ये बारीक गोंगाटाचं टेक्श्चर मिसळलं की पट्ट्याची कड केसागणिक तुटते, नाहीतर प्लास्टिकची रिबन दिसते. `N` मात्र कार्डाची घेऊ नये. डोक्याभोवती एक गुळगुळीत कवच करून त्याचे नॉर्मल कार्डांवर उतरवावेत, म्हणजे पट्टा सगळ्या डोक्यावरून सलग जातो.

असे पट्टे दोन लागतात, हे मार्श्नर आणि सहकाऱ्यांच्या २००३च्या मोजमापांमुळे कळलं. पहिला केसाच्या पृष्ठभागावरून परततो. त्याला प्रकाशाचाच रंग असतो आणि तो टोकाकडे सरकलेला दिसतो. दुसरा केसाच्या आत शिरून, मागच्या भिंतीवर आपटून बाहेर येतो, म्हणून त्याला केसाचा रंग चढतो आणि तो मुळाकडे सरकतो. आपल्याकडच्या काळ्या केसांत हा आत शिरलेला प्रकाश रंगद्रव्य जवळपास गिळून टाकतं. दुसरा पट्टा नसल्यातच जमा. बाहेरून आलेली तयार सेटिंग्ज जशीच्या तशी लावली की सोनेरी केसांसाठी बेतलेला तो दुसरा पट्टा आपल्या पात्राच्या डोक्यावर येतो आणि मुलगी मेंदी लावून बसल्यासारखी तांबूस दिसते. असं काम मी ज्यांच्या-ज्यांच्याकडे पाहते त्यांच्याबद्दल माझं मत घसरतं, आणि ते मी लपवत नाही. काळे केस काळे ठेवायला हिंमत लागते. स्क्रीनवर ते मेलेले दिसतील या भीतीने लोक त्यांत तपकिरी ओततात.

काळ्या केसांचं सगळं आयुष्य त्या एका पांढुरक्या पट्ट्यात असतं. सकाळी लेडीज डब्यात उभी असताना माझ्यापुढे दहा-बारा डोकी असतात आणि पूर्वेकडच्या दारातून ऊन येतं. खोबरेल लावून चापून घातलेल्या केसांवर पट्टा अरुंद आणि धारदार पडतो. शाम्पू करून मोकळे सोडलेल्या केसांवर तो पसरतो आणि फिका होतो. बाईने मान वळवली तर पट्टा उन्हाशी बांधलेला राहतो आणि केस त्याच्याखालून सरकतात. ज्या शेडरमध्ये पट्टा मानेबरोबर फिरतो त्यात तो टेक्श्चरमध्ये रंगवून टाकलेला आहे, हे मी एका नजरेत सांगते. तेलासाठी मी `gloss` वाढवते आणि गोंगाट कमी करते, कारण तेलाने केस एकमेकांना चिकटून एका दिशेने बसतात.

त्या संध्याकाळनंतरची पद्धत अशी. प्रत्येक कार्डाच्या व्हर्टेक्स कलरमध्ये मी त्याचा थर लिहिते. कातडीजवळ शून्य, सगळ्यांत बाहेर एक. चकाकीला या थराने गुणते आणि अल्फाने आणखी एकदा. त्यामुळे आतली कार्डं एकाच काळ्या रंगाची राहतात आणि झिरझिरीत कडांवर उजेड थांबत नाही. क्रम सांभाळायचा तो फक्त बाहेरच्या थराचा, आणि तिथे शॉयरमान यांची आतून बाहेरची मांडणी पुरते. कानामागची चिरफळी गेली. याची किंमत वाऱ्यात मोजावी लागते. वरचा थर उडाला की खालचा उघडा पडतो आणि तो निस्तेज, काजळीसारखा दिसतो. म्हणून ज्या बटा उडणार आहेत त्यांच्याखालच्या कार्डांना मी शून्याऐवजी ०.३च्या आसपास थर देते. थोडा दोष पत्करायचा, पण केस जिवंत ठेवायचे.

आजकाल बरेच जण क्रमाच्या भानगडीतच पडत नाहीत. अल्फाच्या जागी ठिपक्यांची जाळी पाडतात आणि फ्रेमवर फ्रेम मिसळून ती पुसली जाईल यावर विसंबतात. मोठ्या पडद्यावर, ताकदीच्या यंत्रावर ती पुसली जातेही. स्वस्त फोनवर फ्रेमा मिसळण्याची ती सोय बहुधा बंद असते आणि केसांच्या कडेला रवाळ खर उरते. दुसरे खरेखुरे धागे रंगवतात. २०१३च्या टूम रेडरमध्ये एएमडीच्या ट्रेसएफएक्सने लाराचा पोनीटेल तसा सोडला तेव्हा मीही थक्क झाले होते. पण धागा पिक्सेलपेक्षा बारीक असतो, म्हणून तोही अर्धपारदर्शकच रंगवावा लागतो, आणि ट्रेसएफएक्सला दर पिक्सेलमागे तुकड्यांची यादी ठेवून ती लावावी लागली. क्रमाचा प्रश्न तिथे सुटला नाही, कार्डावरून पिक्सेलवर गेला. नवीन मुलं धाग्यांवरच शिकून येतात आणि कार्डाला जुनाट समजतात. त्यांच्यातल्याच एकीने कार्डाचं मर्म मला दाखवलं, हेही तितकंच खरं.

माझा हव्यास सांगायचा तर मला केस नुसते निर्दोष नको असतात, ते बघितले जायला हवे असतात. सहा इंचांच्या पडद्यावर पात्राचं डोकं अंगठ्याच्या नखाएवढं असतं, तरी मी पट्ट्याची कड केसागणिक तोडत बसते. दिग्दर्शकाने क्लोजअप कापला तर मला राग येतो. सोपी केशरचना सुचवली गेली तर मी अवघडच मागून घेते, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती चांगली झाली तर मला ते सहज गोड वाटत नाही.

उरलेली अडचण पदराची आहे. तलम पदर डोक्यावरून घेतला की तो स्वतः अर्धपारदर्शक, खालचे केस अर्धपारदर्शक, आणि दोन वेगळे मेश. इंजिन त्यांचा क्रम मध्यबिंदूंच्या अंतरावरून लावतं, त्यामुळे एका कोनातून पदर केसांखाली जातो. इथे थराची युक्ती लागू पडत नाही, कारण पदर आणि केस एका रंगाचे नसतात. सध्या मी पदराखालच्या कार्डांच्या कडा पूर्ण भरीव करते. कापडाआडून त्या कडा दिसत नाहीत, आणि भरीव गोष्टी आधीच रंगवल्या जात असल्याने पदर बिनचूक वर बसतो. पण कपाळावर पदराबाहेर निसटलेली बट, तिचं मूळ पदराखाली आणि टोक उघड्यावर, तिला कार्डाच्या मधेच भरीव ते झिरझिरीत असं बदलावं लागतं, आणि तो सांधा मला अजून हवा तसा साधलेला नाही. पुढच्या पात्राला तलम पदर आणि मोकळ्या बटा दोन्ही हव्या आहेत. बटा पदराखाली बांधून टाकू का, असं विचारलं गेलं. मी नको म्हटलं.