भा. शु. ४ म्हणजे शुक्रवार नव्हे!

आमच्या कल्याणच्या काकांकडून दर पाडव्याला घरच्या उत्सवांचं पत्रक निघतं. साधं, एका पानाचं, डोंबिवलीच्या एका डीटीपीवाल्याकडून छापून घेतलेलं. त्यावर इंग्रजी तारीख एकही नसते. ‘आपले उत्सव मितीला होतात, तारखेला नाही,’ हे काकांचं ठाम मत. आता घरातली निम्मी मंडळी न्यू जर्सी नि लंडनला. त्यांच्यासाठी पत्रक इंग्रजीत करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. ‘अरे, तू इंजिनिअर होणार ना? मग एवढं कर की!’

मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पत्रक होतं शके १९४७, विश्वावसूनाम संवत्सराचं, आणि ओळी मोजून तीन: श्रा. व. ८ रात्रौ जन्माचे कीर्तन, भा. शु. ४ श्रींची प्रतिष्ठापना, माघ शु. ४ गणेशजन्म. न्यू जर्सीच्या ताईला यातल्या एकासाठी तिकीट काढायचं होतं आणि रजा होती फक्त दहा दिवसांची. म्हणजे तारीख चुकली की तिकीट वाया.

तिच्या मुलाने पत्रकाचा फोटो पाहून आधीच उत्तर काढलं होतं: ‘शु. ४ म्हणजे चौथा शुक्रवार.’ हसू नका. मराठी शाळेत न गेलेल्या पोराने दुसरं काय वाचावं? शु. म्हणजे शुद्ध, चंद्र वाढतो तो पंधरवडा, व. म्हणजे वद्य, चंद्र कमी होतो तो. वेबसाइटवर याच दोघांना शुक्ल आणि कृष्ण म्हणतात. भाषांतरात ही अक्षरं पूर्ण लिहायची, हे तिथेच ठरलं.

खरी गंमत पहिल्या ओळीत आहे. ताईने ‘श्रावण कृष्ण अष्टमी’ असं एका वेबसाइटवर शोधलं, तर जुलैचा तिसरा आठवडा निघाला. कल्याणला तर जन्माष्टमी १५ ऑगस्टला! वेबसाइट चूक नव्हती. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचं नाव एकच असतं, पण वद्य पक्ष आला की ते एक महिना पुढे. आपला श्रावण वद्य तो त्यांचा भाद्रपद कृष्ण. त्यामुळे आपली मिती त्यांच्या पद्धतीत शोधली की वद्यातला प्रत्येक सण बरोब्बर एक महिना आधी सापडतो, आणि शुद्धातले सगळे जुळत असल्याने संशयही येत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्या वेबसाइटवर महाशिवरात्र कुठल्या महिन्यात दाखवलीय ते बघा. माघात असेल तर आपली पद्धत, फाल्गुनात असेल तर उत्तरेची.

याच ओळीत आणखी एक खोच होती. पंचांगात दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाला चालू असलेल्या तिथीचं. त्या हिशोबाने अष्टमी १६ ऑगस्ट २०२५, शनिवारी. पण कृष्णजन्म मध्यरात्रीचा, आणि अष्टमी १५ च्या रात्री बारा वाजायच्या जरा आधी लागली, १६ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास संपली. म्हणजे मध्यरात्रीला अष्टमी मिळते ती १५ आणि १६ च्या मधल्या रात्री. कीर्तन शुक्रवार १५ ला, नि ठाण्यातल्या दहीहंड्या शनिवार १६ ला.

माघातली ओळ त्या मानाने सोपी, पण तिथे पाय घसरतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे शाळेत पाठ केलेलं. १९४७ अधिक ७८ म्हणजे २०२५. आणि २०२५ च्या कॅलेंडरमध्ये माघी चतुर्थी आहेसुद्धा, १ फेब्रुवारीला! फक्त ती शके १९४६ मधली. शक बदलतो पाडव्याला, डोंबिवलीत १९९९ पासून ज्या दिवशी स्वागतयात्रा निघते त्या दिवशी. एक जानेवारी ते पाडवा या काळात ७९ मिळवायचे. म्हणून शके १९४७ ची माघ शुद्ध चतुर्थी म्हणजे २२ जानेवारी २०२६, गुरुवार.

आता गणपती. दाते पंचांग उघडायचं, २७ ऑगस्ट २०२५, बुधवार, लिहून टाकायचं. कल्याणला येणाऱ्या ताईसाठी एवढं पुरे. पण न्यू जर्सीतच राहून घरी गणपती बसवणाऱ्या आत्याचं काय?

इथे जरा एम-थ्री बाजूला ठेवून आकाशाकडे बघू. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं कोनीय अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. हा क्षण सगळ्या पृथ्वीवर एकच. पण त्या क्षणी कल्याणला दुपार असते नि आत्याकडे पहाट. चतुर्थी आपल्या घड्याळात २६ ऑगस्टला दुपारी दोनच्या सुमारास लागली आणि २७ ला दुपारी पावणेचारच्या सुमारास संपली. गणेश चतुर्थीला मध्याह्न धरतात. आपल्याकडे चतुर्थीचा पूर्ण मध्याह्न मिळतो तो २७ ला. न्यू जर्सीचं घड्याळ उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. तिथे चतुर्थी २६ च्या पहाटे साडेचारच्या आसपास लागून २७ च्या सकाळी सव्वासहाच्या सुमारास संपते. म्हणजे तिथला चतुर्थीचा मध्याह्न २६ ला, मंगळवारी. २७ च्या दुपारी तिथे पंचमी!

मी काकांना हे सांगितलं. ते दोन मिनिटं गप्प, मग म्हणाले, ‘म्हणजे ती आमच्या आधी बसवणार?’ मी म्हटलं, ‘काका, आधी नाही. तिथी तीच आहे.’ ते पंचांग घेऊन बसले, घड्याळाचे तास बोटांवर मोजले आणि म्हणाले, ‘बरोबर आहे. लिही तसं.’ काकांचं मितीवरचं प्रेम असं की ती तारखेला हरवते आहे म्हटल्यावर ते लगेच पटले.

मग भाषांतरात प्रत्येक ओळीला तिथी पूर्ण शब्दांत, त्यापुढे ‘कल्याण येथे’ असं लिहून तारीख नि वार, आणि गणपतीच्या ओळीत आत्यासाठी वेगळी तारीख. महिना अक्षरांत, कारण ७/९ हे आपल्याकडे सात सप्टेंबर नि अमेरिकेत नऊ जुलै. वार मुद्दाम घातला. तो पॅरिटी बिटसारखा आहे. तारीख टाइप करताना एखादा आकडा चुकला तर वार जुळत नाही आणि वाचणारा फोन करतो.

आत्याने २६ च्या दुपारी प्रतिष्ठापना केली. कल्याणची २७ च्या सकाळी आठची आरती तिने व्हिडिओवर पाहिली, तेव्हा तिच्याकडे २६ चे रात्रीचे साडेदहा वाजले होते. दोन्ही आरत्या एकाच चतुर्थीत.

ताईने मात्र पुढच्या वर्षासाठी स्वतःच गणित मांडलं: २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, म्हणजे ३५४ दिवसांनी, तेव्हा २०२६ ला १६ ऑगस्टच्या आसपास. मी तिला थांबवलं. शके १९४८ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून २०२६. त्या एका महिन्याने पुढचं सगळं सरकतं आणि गणपती येतात १४ सप्टेंबर २०२६, सोमवारी, ३८३ दिवसांनी. तिने रजेचा अर्ज तोपर्यंत भरला नव्हता, हे बरं.