झाकली मूठ आणि मोडीचा कागद

मोडी वाचायला शिकणाऱ्यांचा नवा गट जमतो, तेव्हा येणाऱ्या माणसाला आधी काय सांगावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. केव्हा बसायचे, अक्षरांचा तक्ता कुठून घ्यायचा, हे एका वाक्यात सांगून होते. इथे इतरांपुढे नेमके काय ठेवायचे, हे सांगणे मात्र अवघड आहे. माझ्या मते नव्या माणसाने आपले अर्धेमुर्धे, अडलेले वाचन आहे तसे पुढे ठेवावे. सुधारून नीटनेटके केलेले वाचन त्याने मागाहून दाखवले तरी चालेल. पण हे म्हणताना एक म्हण आडवी येते आणि ती सहजासहजी बाजूला होत नाही : झाकली मूठ सव्वा लाखाची.

ही म्हण भित्र्यांची आहे, असे म्हणून तिला निकालात काढता येत नाही. ज्या समाजात घराचा व्यवहार पत राखण्यावर चालतो, तिथे मूठ झाकणे ही गरज असते. कर्ज किती, जमीन किती उरली, हे चारचौघांत उघड झाले की दुसऱ्या दिवशी दारात सावकार उभा. त्यामुळे म्हणीत व्यवहाराचे शहाणपण आहे आणि ते खरेही आहे. पण झाकून ठेवण्याची किंमत कोण मोजतो, याविषयी म्हण गप्प आहे. आपल्याकडचे कितीतरी जुने कागद रुमालात बांधून माळ्यावर राहिले आणि तिथेच वाळवीने खाल्ले. मूठ शेवटपर्यंत झाकलेली राहिली, पण आत काही उरले नाही. उलट राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला, तेव्हा 1750 ते 1761 या काळातली पत्रे कोणालाही वाचता येतील, तपासता येतील आणि त्यांवर वाद घालता येईल, अशी झाली. वाद झालेही. त्यांनी ती पत्रे स्वतःजवळ ठेवून फक्त निष्कर्ष सांगितले असते, तर त्यांच्याशी वाद घालणे कोणाला शक्य झाले असते? मूठ उघडली की सव्वा लाखाचा भ्रम जातो हे खरे, पण आत नेमके किती आहे ते मोजता येते.

मोडीच्या बाबतीत हे मोजणे किती बारीक असते, ते एका तारखेवरून पाहू. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. हात शक्यतो उचलत नाहीत आणि दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. समजा, एका पत्राच्या शेवटी महिना जमादिलाखर आहे आणि साल आहे ‘इहिदे सितैन मया व अलफ’. हे शुहूर सन, आणि त्याचे आकडे अरबी शब्दांत असतात. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण 1161. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला 600. त्या साली जमादिलाखर जानेवारीत सुरू होतो, म्हणून पत्र 1761 चे, पानिपताच्या दिवसांतले. आता नव्या वाचकाने घाईत ‘सितैन’चे ‘तिसैन’ वाचले. अक्षरे तीच, फक्त जागा बदलल्या. पण तिसैन म्हणजे नव्वद, आणि पत्र 1791 मध्ये जाऊन पडले. महिना तपासून ही चूक पकडता येईल, असे वाटते. पण तसे होत नाही, कारण 1791 सालीही जमादिलाखर हिवाळ्याच्या शेवटी, फेब्रुवारीत येतो. पत्रात भाऊसाहेब उत्तरेत असल्याचा उल्लेख असेल, तर चूक लगेच लक्षात येईल. पत्र एखाद्या बागेच्या वसुलीचे असेल, तर बहुधा कोणाच्याच लक्षात येणार नाही.

नव्या माणसाने ‘पत्र 1791 चे आहे’ एवढेच सांगितले, तर इतरांच्या हाती मान डोलावण्यापलीकडे काही उरत नाही. पण त्याने कागदाचे चारही कडा दिसणारे छायाचित्र दिले, मागच्या बाजूचेही दिले, मूळ ओळ जिथे तुटते तिथेच आपली ओळ तोडली, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबे दिली आणि सालाच्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह ठेवले, तर दुसऱ्याची नजर थेट त्या शब्दावर जाते. तज्ज्ञही अडखळतात, पण ते नेमके कुठे अडखळले, याची खूण ठेवतात. म्हणून नवख्याने इथे आयत्या उत्तराची अपेक्षा करू नये. ‘हा ति कशावरून?’ असा उलट प्रश्न येईल, आणि त्या प्रश्नासाठीच गट असतो.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की चुका चारचौघांत दाखवायच्या म्हटल्यावर संकोची माणूस येणारच नाही. हे खरे आहे. त्यावर उपाय एवढाच की जुन्या मंडळींनीही आपली प्रश्नचिन्हे तितक्याच मोकळेपणाने दाखवावीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कच्चे वाचन बाहेर गेले की प्रश्नचिन्ह गळून पडते आणि चुकीचे साल तेवढे पुढे चालत राहते. याला माझ्याजवळ पक्के उत्तर नाही. वाचन आणि छायाचित्र एकमेकांपासून वेगळे करू नये, असा नियम घालता येतो. पाळला जाईलच, अशी खात्री देता येत नाही.

आणि इथे ती म्हण पुन्हा पुढे येते. मोडी शिकायला येणारे सगळेच पानिपताची पत्रे घेऊन येत नाहीत. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि जुन्या मोडी नोंदी वाचणाऱ्यांची गरज एकाएकी वाढली. घरचा कागद घेऊन येणाऱ्याच्या हातात त्याच्या कुटुंबाची जात, जमीन, वाटणी, कधी कोणाचे गहाणखत असते. तो कागद चुलत्याचाही असतो, आत्याचाही असतो. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की मूठ उघड? ज्या पतीसाठी ही म्हण जन्मली, ती पत इथे आजही पणाला लागलेली आहे. सगळे सगळ्यांपुढे ठेवा, हे माझे म्हणणे पेशव्यांच्या पत्राला जितके लागू पडते, तितके या कागदाला पडत नाही. फक्त अडलेली ओळ दाखवावी म्हटले, तर मागचापुढचा संदर्भ तुटतो आणि संदर्भाशिवाय मोडी लागत नाही. नावे झाकावीत म्हटले, तर तीच नावे काळ ठरवायला लागतात. सुरुवातीला मला जितकी खात्री होती, तितकी आता उरलेली नाही.

तेव्हा नव्याने येणाऱ्यांना माझी विनंती एवढीच आहे. कागद पुढे ठेवण्याआधी तो ज्यांचा आहे, त्या सगळ्यांना विचारा. ते नाही म्हणाले, तर तो घरीच राहू द्या आणि शिकण्यासाठी छापून प्रसिद्ध झालेले जुने पत्र घ्या. पण जे वाचाल, त्यातले प्रश्नचिन्ह मात्र झाकू नका.