नाव न घेता ऋण कसे मानायचे?

आपल्या चळवळीत नाव घेण्याला फार मोठा अर्थ आहे. ज्यांच्या कष्टांची नोंद कोणी कधी केली नाही, त्यांची नावे कागदावर यावीत म्हणूनच आपण लिहू लागलो. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाची गोष्ट आपणा सर्वांना माहीत आहे. बाबासाहेबांनी 15 मार्च 1956 रोजी लिहिलेल्या प्रस्तावनेत माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या उपचारांचे ऋण स्पष्टपणे मानले होते. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. ऋणनिर्देशाची चार वाक्ये गाळली गेली तर केवढा मोठा अन्याय होऊ शकतो, हे आपल्याला त्यावरून कळते.

म्हणूनच आपली मुले-मुली एम. ए. किंवा पीएच. डी.चा प्रबंध लिहितात तेव्हा पहिल्या पानावर त्यांचा हात आपोआप नावांकडे वळतो. आणि नेमके तिथेच थांबायला हवे, असे आमचे म्हणणे आहे. कारण बाबासाहेबांनी ज्यांचे ऋण मानले त्यांची नावे छापल्याने त्यांच्या पोटावर पाय येणार नव्हता. आपल्या प्रबंधात बोललेल्या माणसाचे तसे नसते.

आम्ही समाजशास्त्राच्या एम. ए.साठी दापोड्याच्या गोदामांत काम करणाऱ्यांचा अभ्यास केला. भिवंडी तालुक्यातल्या दापोडे, वळ, पूर्णा, काल्हेर या पट्ट्यात एकाला लागून एक गाळे उभे आहेत. माल येतो, फुटतो, पुन्हा भरला जातो आणि मुंबईकडे निघतो. आमच्याशी 22 जण बोलले. ठेकेदार हजेरी कशी कापतो, पीएफ कापून त्याची पावती का मिळत नाही, मुकादम बायकांशी कसा बोलतो, हे त्यांनी सांगितले. यांपैकी कोणालाही कामावरून काढायचे असेल तर नोटीस लागत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढे तीन शब्द पुरतात. म्हणून त्यांना नाव गुप्त ठेवण्याचे दिलेले वचन हे त्यांच्या रोजीरोटीचे वचन होते.

प्रबंधातली प्रकरणे लिहिताना हे वचन सगळ्यांच्या लक्षात असते. तिथे ‘उत्तरदाता क्रमांक 7’ असे कोरडे लिहिले जाते. पण ऋणनिर्देश सर्वांत शेवटी, रात्री उशिरा, मन भरून आलेले असताना लिहिला जातो. आणि प्रबंध हातात घेणारा माणूस सर्वांत आधी तेच पान उघडतो. पीएच. डी.चे प्रबंध आता ‘शोधगंगा’वर कोणालाही वाचता येतात. अवघड प्रकरणे कोणी वाचणार नाही, पण दोन पानांचा ऋणनिर्देश ठेकेदाराचा शिकलेला मुलगासुद्धा मोबाइलवर वाचू शकतो.

आमच्याकडे वाचायला येणाऱ्या मसुद्यांत साधारण असा परिच्छेद असतो :

‘दापोडे येथील गोदामात ग्राहकांकडून परत आलेले कपडे तपासून पुन्हा पॅक करणाऱ्या, लातूरहून आलेल्या आणि दोन मुलींना एकटीने वाढवणाऱ्या मंगलताई (नाव बदलले आहे) यांनी मला आठ दिवस आपल्या घरी ठेवून घेतले. नाक्यावरच्या चहावाल्या मामांनी त्यांची ओळख करून दिली नसती तर हे काम झालेच नसते.’

लिहिणाऱ्याची भावना खरी आहे आणि कंसात ‘नाव बदलले आहे’ असेही लिहिले आहे. पण आता हा परिच्छेद मुकादमाच्या डोळ्यांनी वाचा. त्याच्याकडे हजेरीची वही आहे. समजा गोदामात 60 बायका आहेत. परत आलेले कपडे तपासणाऱ्या त्यांतल्या 12. लातूरकडच्या तीन. दोन मुली घेऊन एकटी राहणारी एकच. चार तपशिलांत तो त्या ताईपर्यंत पोहोचला. नाव बदलल्याचा उपयोग फक्त पुण्या-मुंबईच्या वाचकापुरता झाला, आणि त्या वाचकापासून ताईला मुळात धोका नव्हताच. परका माणूस नावावरून ओळखतो. जवळचा माणूस काम, गाव, घर आणि बोलण्याची लकब यांवरून ओळखतो. ज्याच्यापासून लपवायचे तो नेहमी जवळचाच असतो.

दुसरे वाक्य त्याहून घातक आहे. चहावाले मामा स्वतः उत्तरदाते नाहीत, म्हणून त्यांचे आभार उघड मानायला हरकत नाही असे वाटते. पण मामांच्या टपरीवर कोण बसते हे सगळ्या नाक्याला ठाऊक असते. ओळख करून देणाऱ्याचे नाव दिले की ज्यांची ओळख झाली त्यांच्यापर्यंतची वाट आपोआप उघडते. ज्या आत्याकडे राहून अभ्यास केला तिचेही असेच. तिची चाळ कळली की शेजारच्या चार खोल्या कळतात. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखन करणारा मित्र यांची नावे जरूर द्यावीत. वाट दाखवणाऱ्यांची देऊ नयेत.

हे सांगितले की मुले दुसऱ्या टोकाला जातात. ‘सर्व उत्तरदात्यांचे मनःपूर्वक आभार’ एवढे लिहून मोकळी होतात. हे वाक्य सुरक्षित आहे, पण वीज मंडळाच्या बिलावर छापलेल्या ‘धन्यवाद’पेक्षा त्यात जास्त ऊब नाही. ज्यांनी बारा तास उभे राहून आल्यावर आपल्यासाठी वेळ काढला त्यांना एवढेच द्यायचे का?

यातून वाट आहे. ऊब तपशिलातून येते आणि ओळखही तपशिलातूनच फुटते, हे खरे. पण तपशील कोणाचा, हे आपल्या हातात असते. त्यांच्या आयुष्याचा तपशील लिहिला की त्या ओळखू येतात. त्यांच्यामुळे आपल्या अभ्यासात काय बदलले, याचा तपशील लिहिला तर ओळखू येतो तो फक्त आपण. तोच मसुदा मग असा होतो :

‘या अभ्यासात बोललेल्या 22 जणांची नावे येथे नाहीत. ती नसावीत असेच आमचे ठरले होते. दिवसभर उभे राहून काम केल्यावर त्यांनी आमच्यासाठी वेळ काढला. गोदामातली कमाई महिन्याच्या पगारावरून कळत नाही. भरलेल्या हजेऱ्या आणि धरलेले खाडे मोजावे लागतात, हे त्यांनी शिकवले. तिसरे प्रकरण त्या शिकवणीवर उभे आहे. यात जे बरोबर आहे ते त्यांचे आहे. हे वाचताना त्या स्वतःला ओळखतील, इतरांनी ओळखू नये.’

यात एकही आडनाव नाही, गाव नाही, गाळा नाही. तरी ज्या ताईने खाड्यांचा हिशेब बोटांवर मोजून दाखवला तिला आपला वाटा दिसतो. प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावायची : हे किमान निम्म्या उत्तरदात्यांना लागू पडते का? दिवसभर उभे राहणे सर्वांना लागू आहे, म्हणून ते राहिले. आठ दिवस घरी ठेवून घेणे एकीलाच लागू आहे, म्हणून ते गेले. आणखी एक काळजी घ्यावी. प्रकरणात वापरलेले टोपणनाव ऋणनिर्देशात वापरू नये. नाहीतर पहिल्या पानावरची ‘मंगलताई’ आणि चौथ्या प्रकरणात मुकादमाबद्दल बोललेली ‘मंगलताई’ यांची बेरीज कोणीही करील.

आता प्रस्तावना. ऋणनिर्देशात जे झाकले ते का झाकले, हे परीक्षकाला सांगण्याची जागा ती आहे, आणि त्यासाठी तीन-चार वाक्ये पुरतात. नावे आणि काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत. मजुरी, कामाचे तास आणि जात यांत बदल केलेला नाही, असे लिहावे. मात्र ‘लातूरऐवजी बीड केले आहे’ असे लिहू नये. कुलपाशेजारी किल्ली टांगल्यासारखे ते होते. जातीचा मुद्दा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. टोपणनाव देताना बौद्ध बाईला भलतेच सवर्ण आडनाव दिले तर ती सुरक्षित होते, पण अभ्यास खोटा होतो. म्हणून आडनाव देऊच नये, आणि जात व काम यांची सांगड एकेका व्यक्तीपाशी न घालता गटापाशी घालावी.

गावाचे नाव बदलावे का? बदलल्याने सगळे निभावते असे नाही. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आयर्लंडमधल्या एका खेड्यावर 1979 मध्ये पुस्तक लिहिले. खेड्याला ‘बॅलिब्रॅन’ असे खोटे नाव दिले. तरी गावाने स्वतःला ओळखले आणि एकमेकांनाही ओळखले. 1999 मध्ये त्या परत गेल्या तेव्हा गावाने त्यांना निघून जायला लावले. लहान खेड्यात टोपणनाव पडद्याइतके पातळ असते. दापोड्याचे उलट आहे. इथे गाळे आणि कामगार इतके आहेत की गावाचे नाव छापल्याने एकटे कोणी उघडे पडत नाही. गाळ्याचा क्रमांक, कंपनी किंवा मालाचा प्रकार छापला की पडते. म्हणून आम्ही गाव ठेवले आणि गाळा झाकला.

सर्वांत अवघड प्रसंग वेगळाच असतो. कोणी म्हणते, ‘आमचं नाव टाकाच, आम्ही कोणाला घाबरत नाही.’ हा स्वाभिमान आपणच शिकवलेला आहे, त्याला नाही कसे म्हणायचे? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या 1989 च्या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रिया आपापल्या नावानिशी बोलतात, कारण त्या नावांची नोंद करणे हेच त्या पुस्तकाचे काम होते. गोदामाच्या अभ्यासात मात्र एकाचे नाव दुसऱ्याला उघडे पाडते. एका टोळीतल्या दहापैकी आठ जणांची नावे छापली तर उरलेले दोघे कोण, हे मुकादमाला विचारावे लागत नाही. म्हणून हा निर्णय एकट्याचा नसतो, सगळ्या टोळीचा असतो, हे त्या माणसाला समजावून सांगावे. नावानिशी बोलायचेच असेल तर युनियनचे निवेदन आहे, सभा आहे. तिथे तो आपल्या जबाबदारीवर आणि आपल्या माणसांसोबत बोलतो.

शेवटी एक साधी गोष्ट. प्रबंधाची प्रत भेट देताना आतल्या पानावर ‘अमुक ताईंना, तुमच्याशिवाय हे झाले नसते’ असे लिहून देऊ नका; ती प्रत खोलीतल्या फळीवर राहते आणि येणारा-जाणारा ती उघडतो. त्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी जा, ऋणनिर्देश वाचून दाखवा आणि तोंडाने नाव घेऊन आभार माना. ‘हे वाक्य काढ, त्यावरून मी कळते,’ असे त्या म्हणाल्या तर ते काढा. त्यासाठी प्रबंध बांधणीला देण्याआधी जायला हवे, नंतर नाही.