‘चालत नाही’ म्हणजे नेमकं काय?

माझी भाची सोलापुरातच कॉलेजला आहे. तिची अम्मी, म्हणजे माझी आपा, घरी टॉवेलच्या कडा शिवते. डझनावर मजुरी. ठेकेदाराचा आकडा आणि आपाचा आकडा दर आठवड्याला वेगळा निघतो, म्हणून पोरीने हिशेबासाठी पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. एका रात्री तो मला पाठवला. खाली दोनच शब्द: “चालत नाही.”

```python
a = input("सकाळी: ")
b = input("संध्याकाळी: ")
print("एकूण:", a + b)
```

माझी चूक इथे झाली. मी काही न विचारता अंदाज केला की पायथॉन नीट बसवलेलं नसेल. “काढून पुन्हा टाक,” म्हणालो. तिची सगळी संध्याकाळ त्यात गेली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मामू, जाऊ दे. मला हे जमणार नाही.”

तेव्हा मी विचारलं, “स्क्रीनवर काय दिसतं?”

“१२ आणि १५ टाकले. २७ यायला हवे होते, तर 1215 आलं.”

म्हणजे प्रोग्राम चालत होता, उत्तर चुकत होतं. `input` जे घेतं ते आकडा म्हणून नाही, अक्षरं म्हणून घेतं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक जोडणं. `int(input("सकाळी: "))` असं लिहिलं की बेरीज होते.

‘चालत नाही’ याचे तीन अर्थ होतात. प्रोग्राम सुरूच होत नाही, मध्येच थांबतो, किंवा शेवटपर्यंत जाऊन चुकीचं उत्तर देतो. तिन्हींची कारणं वेगळी. म्हणून पहिला प्रश्न हाच, की काय दिसलं? लाल अक्षरांत संदेश आला असेल तर तो जसाच्या तसा मागावा. त्यात ओळीचा क्रमांक असतो आणि शेवटच्या ओळीत चुकीचं नाव असतं. संदेश नसेल, तर काय टाकलं आणि काय अपेक्षित होतं, हे विचारावं. कॉम्प्युटर कुठला, पायथॉन कितवं, हे प्रोग्राम सुरूच होत नसेल तर आधी, नाहीतर सगळ्यात शेवटी.

आठवड्याने तिने डझनाचा दर जोडला आणि पुन्हा निरोप आला: “१२, १५, दर ८ टाकला. २१६ हवेत. नुसत्या आठांची लांब रांग आली.”

या वेळी तिने प्रोग्राम पाठवलाच नव्हता, तरी मला कारण कळलं. दराला `int` लावायचं राहिलं होतं, म्हणून ८ हे अक्षर २७ वेळा छापलं गेलं. मी उत्तर लिहीत होतो, तेवढ्यात तिचाच दुसरा निरोप आला: “राहू दे मामू. आठ मोजले, सत्तावीस आहेत. सापडलं.”

त्या शनिवारी आपा ठेकेदाराकडे स्वतःचा आकडा घेऊन गेली.